मोटर घुमते, पण फिरत नाही

प्रश्न : महिनाभर गावी होतो. परतल्यावर अर्धा एचपीचा पंप लावला, तर नुसता घूंऽ आवाज येतो, पाणी चढत नाही. मोटर जळली का?

उत्तर : बहुधा नाही, पण असाच चालू ठेवलात तर काही मिनिटांत वाइंडिंग जळेल. लगेच बटण बंद करा आणि मेन स्विचही पाडा. मागच्या पंख्याच्या बाजूला शाफ्टच्या टोकाला खाच असते. तीत स्क्रूड्रायव्हर घालून फिरवून पाहा. महिनाभर बंद पंपात गंजाने इम्पेलर धरतो, म्हणून माझा पहिला संशय त्यावरच. हलके पुढे-मागे केल्यावर तो बऱ्याचदा सुटतो. हातोडी मात्र मारू नका.

शाफ्ट मोकळा फिरत असूनही मोटर घुमतच राहिली, तर कपॅसिटर तपासा. बंद पंपातही त्यात विजेचा साठा राहतो, म्हणून हे काम वायरमनकडून करून घ्या. मायक्रोफॅरड छापील आकड्यापेक्षा फारच कमी भरले तर त्याच आकड्याचा नवा बसवा.

तोही ठीक असेल, तर वायरमनला मोटर घुमत असताना पंपाच्या टर्मिनलवरच व्होल्टेज मोजायला सांगा. बोर्डावर २२० आणि पंपाशी १७० दिसले, तर दोष बारीक वायरचा किंवा सैल जोडाचा आहे.