साहेबांची तक्रार आणि कॅलेंडर

पुण्यातल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी होते तेव्हाची गोष्ट. विभागप्रमुखांचे रात्रीचे मेसेज आधी कामाचे असायचे, मग साडीचे झाले, मग नवरा टूरवर असेल तर जेवायला जाऊ या थराला गेले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चाकणच्या एका पुरवठादाराकडून परतताना, कंपनीच्याच गाडीत, त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. मी तो झटकला. रात्री मेसेज आला: 'गैरसमज नको, चुकून लागला.'

दुसऱ्या दिवशी मी एचआरच्या मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "अगं, लेखी कशाला? अप्रेझलचे दिवस आहेत. कागदावर आलं की मलाही काही करता येत नाही. मी बोलते त्यांच्याशी, बघच तू." त्या खरंच बोलल्या. साहेबांनी हसून 'थट्टा होती' म्हटलं आणि मेसेज थांबले. एप्रिलभर मला वाटलं, विषय मिटला. मे महिन्यात माझ्याकडचे दोन मोठे पुरवठादार दुसऱ्याकडे गेले आणि जुलैत रेटिंग एक पायरी खाली आलं. मॅडम म्हणाल्या, "त्याचा याच्याशी काय संबंध?"

जुलैत मी पहिल्यांदा २०१३ चा कायदा, ज्याला आपण सगळे पॉश म्हणतो, उघडून वाचला. त्यात लिहिलंय की शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार द्यायची. मुदतीत तक्रार देणं परिस्थितीमुळे जमलं नाही हे समितीला पटलं, तर ती कारणं नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते, त्यापुढे नाही. एचआरच्या केबिनमध्ये चहा पीत झालेल्या बोलण्याने ही मुदत थांबत नाही. माझे तीन महिने जूनच्या अखेरीस संपलेही होते.

मला वाचवलं ते एका मेलने. मॅडमशी बोलून बाहेर आल्यावर, कसल्या तरी अस्वस्थतेपोटी, मी त्यांना चार ओळी लिहिल्या होत्या: आज आपलं अमुक घटनेबद्दल बोलणं झालं, आपण साहेबांशी बोलणार आहात, लेखी तक्रार आत्ता देऊ नये असं आपण सुचवलंत. उत्तर आलं नाही, पण तारीख होती. ऑगस्टमध्ये तक्रार दिली तेव्हा उशिराचं कारण म्हणून तोच मेल जोडला आणि समितीने मुदत वाढवली.

मेल नसता आणि आणखी दोन महिने गेले असते, तर काय झालं असतं? सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर पश्चिम बंगालमधल्या एका विधी विद्यापीठाचं प्रकरण होतं. प्राध्यापिकेची तक्रार थेट कुलगुरूंविरुद्ध. शेवटची घटना एप्रिल २०२३ ची, तक्रार त्याच वर्षीच्या डिसेंबरची. तिला पदावरून हटवण्याची नंतरची कारवाई हा छळाचाच पुढचा भाग आहे, असं तिचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते प्रशासकीय निर्णय वेगळे मानले आणि तक्रार मुदतबाह्य ठरवली. म्हणजे साहेबांनी पुढे काम काढून घेतलं, रेटिंग पाडलं, तर तिथून नवी मुदत मोजली जाईल या भरवशावर बसू नये.

म्हणून, तक्रार वरिष्ठाची असेल आणि आधी बोलून बघायचं असेल, तर खुशाल बोला, पण शेवटच्या घटनेची तारीख कॅलेंडरवर लिहून. बोलण्याला माझ्या मते दोन-तीन आठवडे पुरेत. बोलणं झालं त्याच दिवशी मेल करा. चॅट उडवू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी ते बाहेर साठवून ठेवा. आणि बोलायचं कोणाशी, हेही पाहा. आपलं अप्रेझल जो लिहितो त्याच्याशी, किंवा त्याच्याच हाताखालच्या माणसाशी, अनौपचारिक बोलण्यात तोटा एकट्या तक्रारदाराचा असतो. समोरच्याला आपली बाजू आधी कळते, सावरायला वेळ मिळतो, आणि आपल्याला संरक्षण काहीच नसतं.

हे संरक्षण लेखी वाटेवर मिळतं, याची फार कमी जणींना कल्पना असते. चौकशी चालू असताना समिती कंपनीला सुचवू शकते की या माणसाने तक्रारदाराचं अप्रेझल लिहू नये, दोघांपैकी एकाची बदली करावी, किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा द्यावी. पण हे तक्रारदाराने लेखी मागावं लागतं. मी पहिलंच मागितलं आणि त्या वर्षीचं माझं रेटिंग दुसऱ्या विभागप्रमुखांकडे गेलं.

तक्रार दिल्यावर समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "सामोपचार हवा आहे का?" अनेकांना वाटतं, एकदा कागद दिला की समेट संपला. तसं नाही. चौकशी सुरू होण्याआधी समेटाची सोय कायद्यातच आहे, पण तो मागायचा अधिकार फक्त तक्रारदाराचा, आणि पैशांवर समेट करता येत नाही. अटी लिहून दोघांना प्रती मिळतात, त्या मोडल्या तर तक्रारदार समितीला सांगते आणि चौकशी पुढे चालते. अटी पाळल्या गेल्या तर मात्र त्या तक्रारीची चौकशी होत नाही. केबिनमधल्या 'बोलते मी'पेक्षा हा समेट कितीतरी भक्कम. तरी मी नाही म्हटलं, कारण पाडलेलं रेटिंग समेटात मावत नव्हतं आणि साहेब अजून त्याला थट्टाच म्हणत होते.

चौकशी सुखाची नव्हती. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत मेसेज आणि साक्षीदारांची नावं. साहेबांचं लेखी उत्तर वाचताना माझे हात थरथरत होते. वकील कोणालाच आणता येत नाही, हे मला बरं वाटलं. त्यांनी मुद्दा काढला की गाडी म्हणजे ऑफिस नव्हे. बाहेरून आलेल्या सदस्या वकील होत्या. त्यांनी तिथेच सांगितलं की कामासाठी कंपनीने दिलेलं वाहनही कामाच्या जागेत मोडतं. ड्रायव्हरने काही पाहिलं नव्हतं, पण 'चुकून लागला' हा मेसेज साहेबांनीच लिहिलेला होता. गाडीतली घटना आणि मेसेज सिद्ध झाले. केबिनमधल्या एका जुन्या शेऱ्याबद्दल मी लिहिलं होतं, त्याला पुरावा नव्हता, ते नाही झालं. मला धास्ती होती की आता खोट्या तक्रारीचं किटाळ येईल. पण नुसतं सिद्ध न होणं म्हणजे खोटं नव्हे, त्यासाठी दुष्ट हेतू वेगळा सिद्ध व्हावा लागतो. चौकशी नव्वद दिवसांत संपायला हवी, ती संपली. साहेबांची वेतनवाढ रोखली, त्यांनी लेखी माफी दिली, माझा विभाग बदलला. जेवणाच्या टेबलावर काही जण अजूनही माझ्याशी जपून बोलतात.

त्यानंतर दोन-चार जणी विचारायला आल्या. एकीला बरोबरीचा सहकारी सारखा रूपावरून बोलायचा. तिला मी तोंडावर सांगायला लावलं, तो वरमला आणि थांबला. तिथे समितीची गरज पडली नाही. दुसरीची तक्रार मात्र कंपनीच्या मालकाविरुद्धच होती, आणि एचआरने तिला अंतर्गत समितीकडे जायला सांगितलं होतं. मालकाविरुद्धची तक्रार तिथे जातच नाही. ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकान-दवाखान्यांतल्या बायकांचीही तिथेच. पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात विचारायचा. तिच्याकडे तेव्हा पाच आठवडे उरले होते. तक्रार आम्ही दोघींनी तिच्या घरी बसून मराठीतच लिहिली.