अर्जातल्या तारखा

नांदेड, १० ऑक्टोबर २०२५

चि. सौ. चिऊस,


छोटूच्या रजेच्या अर्जाचा तुझा मसुदा आणि शाळेच्या परिपत्रकाचा फोटो, दोन्ही मिळाले. कुकटपल्लीहून दिवाळीला येताय म्हणून घर आत्ताच आवरायला घेतलंय. पण तो अर्ज आहे तसा देऊ नकोस. इतकी वर्षं शाळेच्या ऑफिसात असे अर्ज घेण्यात गेली, त्यामुळे माझी नजर आधी तारखांवर जाते.

तू २१ ते २५ ऑक्टोबर रजा मागितली आहेस आणि सहामाही परीक्षा २९ पासून, असं धरलं आहेस. फोटो मोठा करून बघ. कागद तिरका धरलाय, वर ट्यूबलाइटची चकाकी आलीय, आणि तो आकडा २९ सारखा दिसतो खरा. पण त्याच ओळीत पुढे 'शुक्रवार' आहे. २९ ला बुधवार येतो, शुक्रवार येतो २४ ला. म्हणजे तो नऊ नाही, माथा मिटलेला चार आहे. अजून एक ताळा बघ. खाली परीक्षा संपण्याची तारीख ३१, शुक्रवार, अशी स्वच्छ छापली आहे. चौथीचे सगळे पेपर २९ ते ३१ अशा तीन दिवसांत कसे बसतील? फोटोतली तारीख वाचताना शेजारचा वार नेहमी कॅलेंडरशी जुळवून बघावा. वार छापलेलाच नसेल तर मात्र अंदाज करू नये, वर्गातल्या दुसऱ्या आईकडून सरळ धरून काढलेला फोटो मागवावा किंवा ऑफिसात फोन करावा.

तर तुझ्या अर्जाने छोटूचे पहिले दोन पेपरच बुडत होते. परीक्षेच्या दिवसांची रजा मॅडम देणार नाहीत, आणि तू मागूही नयेस. २१, २२ आणि २३ एवढीच माग. १९ ला रविवार, २० ची सुट्टी शाळेनेच दिली आहे. ते दिवस रजेत धरायचे नसतात. नाहीतर क्लार्क पाच दिवस मोजतो आणि हजेरीपटाशी मेळ बसत नाही. २३ ला भाऊबीज सकाळीच उरकू. दुपारच्या बसने निघालात तर संगारेड्डीवरून रात्री घरी पोचाल. छोटू बसमध्ये पेंगेल, पेंगू दे.

कारण खरं लिही. 'ताप आला' हे मसुद्यातलं वाक्य आधी खोड. डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागितलं तर कुठून आणशील? शिवाय छोटू परत गेल्यावर बाईंना पहिल्याच तासाला फटाक्यांचा हिशेब देणार. खरं कारण पुरेसं आहे. यंदा अमावास्या २० च्या दुपारी लागून २१ च्या संध्याकाळी संपते, म्हणून तेलंगणात दिवाळीची सुट्टी २० ला आणि आपल्याकडे लक्ष्मीपूजन २१ ला. मॅडम तेलुगू असल्या तरी भाऊबीज त्यांना परकी नाही. त्यांच्याकडेही त्या दिवशी भाऊ बहिणीच्या हातचं जेवतो, 'भगिनी हस्त भोजनम्' म्हणतात. तो शब्द अर्जात घाल, अर्धा परिच्छेद वाचेल.

आणि 'सोबतचा फोटो पाहावा' असं लिहू नकोस. परिपत्रक त्यांनीच काढलंय, मूळ प्रत त्यांच्या फाइलीत आहे. तुझ्या फोटोत वर उजव्या कोपऱ्यात जावक क्रमांक आणि तारीख आहे, तेवढं अर्जात उतरव. म्हणजे क्लार्कला मिनिटात सापडेल. मजकूर असा कर, इंग्रजीत तू नेटका करशीलच:

> विषय : इयत्ता चौथी 'ब' मधील माझ्या मुलास तीन दिवसांची रजा मिळण्याबाबत.
> संदर्भ : शाळेचे परिपत्रक, क्रमांक व तारीख.
> महोदया, वरील परिपत्रकानुसार २० ऑक्टोबरला सुट्टी असून २१ ला शाळा सुरू होत आहे. आमचे लक्ष्मीपूजन २१ ला आणि भाऊबीज (भगिनी हस्त भोजनम्) २३ ला नांदेडला असल्याने मंगळवार २१ ते गुरुवार २३ ऑक्टोबर, दोन्ही दिवस धरून, रजा मिळावी. शुक्रवार २४ च्या पेपरला तो हजर राहील.

खाली छोटूचं नाव, हजेरी क्रमांक, तुझी सही, फोन. 'दोन्ही दिवस धरून' हे गाळू नकोस. '२३ पर्यंत' म्हटलं की २३ ला शाळेत यायचं की नाही, यावर मी ऑफिसात भांडणं पाहिली आहेत.

सोमवारी, १३ तारखेला, आधी वर्गशिक्षिकेला दाखव आणि मग ऑफिसात दे. दुसऱ्या प्रतीवर पोच घे. डायरीत रजेचं पान असेल तर त्यावरही याच तारखा लिही.

जावईबापूंना आशीर्वाद. येताना कराची बेकरीची बिस्किटं आण, तुझ्या काकांनी दोनदा आठवण केलीय.

तुझी,
मावशी