नेसरीच्या माहितीपटाची मूळ प्रत

नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा स्वार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. तिथल्या स्मारकावर प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी १८ मिनिटांचा माहितीपट केला, यूट्यूबवर चढवला, प्रोजेक्ट फाइल हार्ड डिस्कवर ठेवली आणि काम संपलं असं धरलं.

पुढे तो गावात मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरलं. हाताशी यूट्यूबसाठी काढलेली एमपी४ फाइल होती, सुमारे १ जीबीची. मोबाइलवर स्वच्छ दिसणाऱ्या त्या फाइलमध्ये टापांखालच्या धुळीचे पडद्यावर चौकोनी ठोकळे झाले. अशी फाइल लहान होते ती एका चौकटीतलं पुढच्या चौकटीत तसंच राहणारं पुन्हा न साठवल्यामुळे. धुळीत आणि हलत्या गवतात तसंच काहीच राहत नाही, म्हणून आधी तेच बिघडतं.

मग प्रोजेक्ट फाइल उघडली. तिच्यात चित्र नसतंच; कुठलं दृश्य कुठे कापलं याची नोंद असते. मूळ चित्रीकरण दुसऱ्या ड्राइव्हवर गेलेलं, त्यामुळे दृश्यं सापडेनात. शीर्षकं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होती. नव्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता आणि प्रतापरावांच्या नावाच्या जागी रोमन अक्षरांचा गुंता उमटला.

टाइमलाइन शाबूत होती त्याच दिवशी मास्टर काढायला हवा होता. फुल एचडीत, सेकंदाला २५ चौकटी धरून, प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये १८ मिनिटांना साधारण २५ जीबी लागतात. आवाज न दाबलेला, २४ बिट वेव्ह. एमपी४चं नंतर प्रोरेस केलं तर फक्त आकार वाढतो, गेलेली धूळ परत येत नाही. जागा परवडत असेल तर टाइमलाइनवरूनच मात्रोस्का फाइलमध्ये एफएफव्ही१ची प्रतही काढावी. तिच्यात चित्रातलं काहीच गळत नाही, आणि तिची रचना २०२१ पासून आरएफसी ९०४३ मध्ये सर्वांसाठी उघड लिहिलेली आहे. सोबत शीर्षकांविना एक मास्टर आणि सगळा मजकूर युनिकोडमध्ये, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. नावातली चूक दहा वर्षांनी कळली तरी मग दुरुस्त होते.

एका जागी ठेवलेलं एका घटनेत जातं. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं जळाली. म्हणून एक प्रत नेसरीत, दुसरी कोल्हापुरात. डिस्क मात्र आवाज न करताही सडते, तेव्हा मास्टर काढताच त्याचा ठसा घ्यावा. लिनक्सवर:

```
sha256sum master.mov > master.sha256
sha256sum -c master.sha256
```

पहिली ओळ एकदाच चालवायची, दुसरी दर वर्षी, दोन्ही प्रतींवर. `OK` आलं तर फाइल जशीच्या तशी आहे. `FAILED` आलं तर दुसऱ्या गावची प्रत तपासून तिच्यावरून त्याच दिवशी नवी करायची.