हे भोक बुजतं का, ते आधी बघ

वही उघड बघू, आणि त्या ‘डिसकंटिन्युइटीचा प्रकार ओळखा’ वाल्या गणिताकडे पाहून उसासे टाकणं आधी बंद कर. खरं सांगू का, रिमूव्हेबल, जंप, इन्फिनिट ही नावं नुसती घोकून काही होत नाही गं. त्या बिंदूकडे डावीकडून येताना फल कुठल्या किमतीकडे जातं आणि उजवीकडून येताना कुठल्या, एवढंच विचारायचं. त्या बिंदूवर प्रत्यक्ष किंमत किती दिलीय, हे सगळ्यात शेवटी.

हे घे, करून बघ:

f(x) = (x² − 5x + 6)/(x² − 4)

छेद शून्य कुठे होतो? x = 2 आणि x = −2 ला. तुटायच्या जागा या दोनच, बाकी ठिकाणी उगाच डोकं शिणवू नकोस. आता अवयव पाड. वर (x − 2)(x − 3), खाली (x − 2)(x + 2). सीमा काढताना x हा 2 च्या जवळ असतो, पण 2 नसतो, म्हणून (x − 2) बिनधास्त काट. उरलं (x − 3)/(x + 2). त्यात 2 घाल: −1/4.

विश्वास बसत नाही ना? कॅल्क्युलेटर घे. x = 1.99 ला साधारण −0.253 येतं, x = 2.01 ला साधारण −0.247. दोन्हीकडून स्वारी −0.25 कडेच निघालीय. माळेतला एकच मणी गळावा आणि दोन्ही बाजूंचे मणी जागच्या जागी असावेत, तसं. ही रिमूव्हेबल. f(2) = −1/4 असं ठरवलंस की भोक बुजलं.

पण बघ हं, काटाकाटी केल्याने मूळ फलाला 2 वर आपोआप किंमत मिळत नाही. मूळ सूत्रात 2 घातलास तर अजूनही 0/0 च येतं. किंमत आपण वेगळी द्यायची असते. आणि प्रश्नातच f(2) = 5 असं दिलं असेल तरी घाबरू नकोस. प्रकार तोच, रिमूव्हेबल. तिथला 5 काढायचा आणि −1/4 ठेवायचा.

आता x = −2 कडे ये. इथे वर −5 उरतो आणि खाली शून्य, काटायला काहीच नाही. x = −2.01 घातलास तर उत्तर 501, आणि x = −1.99 घातलास तर −499. अजून जवळ गेलीस की आकडे अजून फुगणार, एक वर, एक खाली. ही इन्फिनिट. इथे f(−2) ला कुठलीही संख्या दे, उपयोग नाही, कारण आजूबाजूच्या किमती कुठल्याच संख्येपाशी स्थिरावत नाहीत.

राहिली जंप. त्याच गणितात (x − 2) च्या जागी |x − 2| लिही:

g(x) = |x − 2|(x − 3)/(x² − 4)

उजवीकडे |x − 2| म्हणजे x − 2 च, म्हणून सीमा पुन्हा −1/4. डावीकडे मात्र ते −(x − 2) होतं आणि सीमा येते +1/4. दोन्ही सीमा आहेत, पण वेगवेगळ्या. मग ‘मधला शून्य घेऊ का ताई?’ असं विचारशील. नाही गं, इथे तडजोड चालत नाही. −1/4 घेतलास तर उजवी बाजू जुळेल, डावी लोंबकळत राहील. शून्य घेतलास तर दोन्ही लोंबकळतील.

एक खोडी मात्र लक्षात ठेव: 0/0 दिसलं की लगेच ‘रिमूव्हेबल’ लिहून मोकळी होऊ नकोस. (x − 2)/(x − 2)² मध्ये 2 घातलास तरी 0/0 च येतं, पण काटल्यावर उरतो 1/(x − 2), आणि तो इन्फिनिट. आपल्या g(x) मध्येही 0/0 च होतं, निघाली जंप. तेव्हा 0/0 म्हणजे फक्त ‘पुढे काम कर’, उत्तर नव्हे. मापांक दिसला तर डावी-उजवी सीमा वेगवेगळी काढ, कंटाळा करू नकोस.

उत्तर लिहिताना आधी दोन्ही सीमा मांड, मग प्रकार, आणि रिमूव्हेबल असेल तर नवं फल पूर्ण लिही:

F(x) = (x² − 5x + 6)/(x² − 4), x ≠ 2, x ≠ −2
F(2) = −1/4

आणि खाली एक ओळ घाल, की F हे x = 2 ला संतत आहे, पण x = −2 ची इन्फिनिट डिसकंटिन्युइटी तशीच आहे. एक भोक बुजवलं म्हणून सगळं फल नीट झालं, असं लिहिलंस तर मार्क जातील बघ.