खातं बंद झालं, तरी पैसे कापले जातायत? थांबवूया

समजा, फोटो साठवणाऱ्या एका ॲपचं तुमचं खातं 2 जूनला बंद झालं. तुम्ही केलंत किंवा त्यांनीच लॉक केलं, काहीही असो. आणि तरीही 7 जूनला क्रेडिट कार्डावरून 499 रुपये गेले. लॉगिनच होत नाही, मग ‘रद्द करा’चं बटण दाबणार कुठून? काळजी नको. खातं त्यांचं, पण पैसे कापायची परवानगी तुमच्या बँकेत आहे आणि ती तुम्हालाच मागे घेता येते. मोबाईल हातात घ्या.

1. पैसे गेल्याचा मेसेज उघडा आणि ते कुठून गेले ते बघा: कार्डावरून, यूपीआय ऑटोपेवरून की थेट बचत खात्यातून. पुढचा रस्ता यावरच ठरतो. नावात गूगल किंवा ॲपल दिसलं, तर वर्गणी त्यांच्या स्टोअरमार्फत आहे. ती स्टोअरमधल्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन रद्द करा. नुसतं ॲप काढून टाकलं तर वर्गणी चालूच राहते, बरं का!

2. खातं बंद झाल्याच्या ईमेलचा स्क्रीनशॉट काढा. तारीख दिसलीच पाहिजे. ईमेल नसेल, तर लॉगिन करताना येणाऱ्या ‘खातं बंद आहे’ या सूचनेचा काढा. पुढची सगळी भिस्त या चित्रावर आहे.

3. कंपनीला ईमेल करा. चार ओळी पुरतात: “माझं खातं 2 जूनला बंद झालं आहे. 7 जूनला 499 रुपये कापले गेले. ते परत करा आणि वर्गणी रद्द केल्याचं लेखी कळवा. कार्डाचे शेवटचे चार आकडे अमुक.” पूर्ण कार्ड नंबर, सीव्हीव्ही, ओटीपी कुणी कितीही गोड बोलून मागितलं तरी द्यायचं नाही. आणि ‘कस्टमर केअर नंबर’ इंटरनेटवर शोधून फोन करू नका. तिथे भामटेच टपून बसलेले असतात. हा ईमेल टाळूही नका. बँकेतून पैसे थांबले म्हणजे करार संपला असं नव्हे, काही कंपन्या मागाहून थकबाकी मागतात.

4. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या विभागात जा आणि ‘ई-मँडेट’ किंवा ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन्स’ शोधा. सापडत नसेल तर कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करून विचारा. यूपीआय असेल तर ज्या ॲपवरून परवानगी दिली त्याच्या ‘ऑटोपे’ विभागात जा. थेट खात्यातून जात असतील तर बँकेला ‘नॅच मँडेट रद्द करा’ असं सांगा.

5. यादीत कंपनीचं नाव आणि 499 ही रक्कम जुळवून बघा. नाव कधी कधी ॲपपेक्षा वेगळंच असतं. घाईत विजेच्या बिलाचं मँडेट उडालं, तर पुढच्या महिन्यात अंधार!

6. ‘रद्द करा’ दाबा. ‘पॉज’ नव्हे, थांबवलेलं मँडेट पुन्हा सुरू होऊ शकतं. ओटीपी किंवा यूपीआय पिन विचारला जाईल, तो फक्त या स्क्रीनवरच टाकायचा.

7. मँडेट रद्द झाल्याची खूण दिसली की तिचाही स्क्रीनशॉट ठेवा. नियमाप्रमाणे बँकेने पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी कळवायचं असतं आणि त्याच सूचनेत नकार द्यायची सोयही असते. म्हणून 6 जुलैच्या आसपास मेसेजवर नजर असू द्या.

8. आधी गेलेल्या 499 साठी बँकेकडे ‘डिस्प्यूट’ नोंदवा, कारण मँडेट रद्द केल्याने गेलेले पैसे आपोआप परत येत नाहीत. कारण निवडताना ‘सेवा रद्द केल्यावरही पैसे कापले’ हेच निवडा. काही जण रागाच्या भरात ‘फसवणूक’ निवडतात आणि तिथेच घोळ होतो: बँक कार्डच बंद करते आणि मूळ परवानगी तुम्हीच दिली होती म्हणून दावाही लंगडा पडतो. कार्डांच्या नियमांत अशा दाव्याला मुदत असते, तेव्हा ‘बघू नंतर’ नको.

9. दोन्ही स्क्रीनशॉट आणि कंपनीला पाठवलेला ईमेल दाव्याला जोडा, मग तक्रार क्रमांक लिहून घ्या. दावा चालू असताना कार्डाचं बाकी बिल वेळेवर भरा आणि या 499 वर व्याज लागणार का, ते बँकेला आत्ताच विचारा.

10. तक्रार नोंदवल्यापासून 30 दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करा. शुल्क नाही. आधी बँकेकडे गेल्याचा पुरावा मागतात, म्हणून तो तक्रार क्रमांक जवळ ठेवा.