वीज देयकातील शब्द आणि न घेतलेल्या रीडिंगचा भुर्दंड

बुलढाणा जिल्ह्यातील जानेफळ येथील एक घरगुती वीजग्राहक उदाहरणादाखल घेऊ. घरात दिवे, पंखे, दूरदर्शन संच आणि उन्हाळ्यापुरता कूलर आहे. हिवाळ्यात या घराचा वापर दरमहा ६० युनिटांच्या आसपास असतो. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. १२५ वॅटचा कूलर रोज आठ तास चालविल्यास दिवसाला एक, म्हणजे महिन्याला तीस युनिटे वाढतात. उन्हाळ्यातील वापर अशा रीतीने ९० युनिटांवर जातो.

देयकावर ‘मंजूर भार’ या नावाने किलोवॅटमध्ये जो आकडा छापलेला असतो, तो वापराचा नव्हे. एकाच वेळी किती क्षमतेची उपकरणे चालविण्यास या जोडणीला परवानगी आहे, एवढेच तो दर्शवितो. एक-फेज घरगुती ग्राहकाचा ‘स्थिर आकार’ या आकड्यावर नव्हे, तर दर जोडणीमागे बसतो. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने महावितरणसाठी ठरविलेल्या २०२४-२५ च्या दरांनुसार तो दरमहा १२८ रुपये होता. घर महिनाभर बंद राहून एकही युनिट जळले नाही, तरी हा आकार चुकत नाही.

त्याच वर्षी पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४.७१ रुपये आणि वहन आकार १.१७ रुपये, मिळून ५.८८ रुपये प्रतियुनिट दर होता. १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्यात हीच बेरीज ११.४६ रुपये होत असे. शंभरी ओलांडताच सर्वच युनिटांना चढा दर लागतो, असा समज खेडोपाडी आढळतो. तो बरोबर नाही. चढा दर शंभराच्या वरील युनिटांनाच लागतो. या साऱ्या रकमेवर १६ टक्के वीज शुल्क असते. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलत असल्याने पुढील हिशेबात तो धरलेला नाही.

हे टप्पे महिन्याचे असतात, आणि म्हणूनच मीटरची रीडिंग वेळेवर होण्याला महत्त्व येते. मीटर घराच्या आत असून घराला कुलूप असले, किंवा मीटर नादुरुस्त झाला, की पूर्वीच्या वापरावरून सरासरी देयक दिले जाते. अशा देयकात ‘चालू रीडिंग’च्या रकान्यात आकड्याऐवजी शेरा आढळतो. ही रक्कम तात्पुरती असते. प्रत्यक्ष रीडिंग मिळाल्यावर तिचे समायोजन व्हावयास हवे.

आपल्या उदाहरणातील ग्राहकाची ३१ मार्च २०२४ ची रीडिंग ४२१० होती असे समजू. एप्रिल आणि मे महिन्यांत रीडिंग झाली नाही आणि दोन्ही वेळा ६० युनिटांचे सरासरी देयक आले. प्रत्येकी ३५२.८० रुपये विजेचे, १२८ रुपये स्थिर आकाराचे आणि ७६.९३ रुपये शुल्काचे, असे ५५७.७३ रुपये त्याने दोनदा भरले. ३० जून रोजी रीडिंग ४४८० भरली. म्हणजे तीन महिन्यांचा वापर २७० युनिटे.

त्यातून आधी आकारलेली १२० युनिटे वजा करून उरलेली १५० युनिटे एकट्या जून महिन्याची धरली, तर ५० युनिटे वरच्या टप्प्यात जातात आणि जूनचे देयक १४९५.२४ रुपये होते. वस्तुतः दरमहा वापर ९० युनिटे, म्हणजे एकदाही शंभरापलीकडे गेलेला नाही. तीन महिन्यांवर विभागणी केल्यास विजेचे १५८७.६० व स्थिर आकाराचे ३८४ रुपये, शुल्कासह २२८७.०६ रुपये होतात. त्यातून भरलेले १११५.४६ रुपये वजा जाता जूनमध्ये ११७१.६० रुपयेच देय ठरतात. वीज तितकीच, मीटर तोच. फरक मात्र ३२३.६४ रुपयांचा. भरलेली सरासरी रक्कम मुळीच वजा केली नसेल, तर हा फरक याहून पुष्कळ मोठा होईल.

यास्तव रीडिंग खंडित झाल्यानंतरचे पहिले देयक हाती येताच मागील रीडिंगचा आकडा, त्या दोन रीडिंगांमधील महिने आणि वजावट या तीन गोष्टी पाहाव्यात. युनिटांना महिन्यांनी भागून येणारा आकडा शंभराच्या आत असूनही देयकात दुसऱ्या टप्प्याचा दर दिसत असेल, तर विभागणी झालेली नाही हे उघड आहे. मात्र भागाकार हा केवळ अंदाज असतो. एखाद्या महिन्यात खरोखर अधिक वीज जळली असली, तरी मधल्या रीडिंगवाचून ते सिद्ध होत नाही. म्हणून कुलूपबंद घराच्या मालकाने त्या त्या महिनाअखेरीस मीटरचा आकडा तारखेसह टिपून ठेवणे सोयीचे पडते.

दुरुस्तीसाठी लेखी अर्ज प्रथम महावितरणच्या स्थानिक कार्यालयात द्यावा. सोबत शेवटच्या प्रत्यक्ष रीडिंगचे देयक, मधली सरासरी देयके, त्यांच्या पावत्या आणि मीटरचे छायाचित्र जोडावे, आणि अर्जाची पोच घ्यावी. तेथे निकाल न लागल्यास वीज कायदा २००३ अन्वये स्थापन झालेल्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते. त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.