डब्यावरचा लोगो आणि डब्याचे वय

पत्र्याच्या जुन्या डब्यावरचा लोगो एखाद्या जुन्या फोटोतल्या लोगोशी जुळला, तर फोटोच्या वर्षी तो लोगो वापरात होता एवढेच सिद्ध होते. तो आधी किती वर्षे चालला आणि पुढे किती वर्षे टिकला, हे फोटो सांगत नाही. खपणाऱ्या मालाचा ओळखीचा चेहरा बदलायला कारखानदार सहसा तयार नसतो, त्यामुळे एकच अक्षरवळण वीस-पंचवीस वर्षेही चालू राहू शकते.

दंतमंजनाच्या एका डब्याबाबत चूक झाली ती इथेच. १९५५ च्या एका दिवाळी अंकातल्या जाहिरातीत फितीवर लिहिलेले तेच वळणदार नाव होते. तेवढ्यावरून डबा ‘१९५५ च्या सुमाराचा’ ठरला आणि त्याच वर्णनाने विकला गेला. खरेदीदाराने तळ पुसला तेव्हा बारीक इंग्रजी अक्षरांत पत्ता निघाला: गिरगाव, बॉम्बे ४०० ००४. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याआधी हाच पत्ता नुसता ‘बॉम्बे ४’ असा छापला जाई. पैसे परत करावे लागले, आणि ते योग्यच होते.

म्हणून डब्यावरची सर्वांत नवी खूण आधी शोधावी. वय तिच्यावर ठरते, जुन्या खुणेवर नाही. किंमत छापलेली असेल तर ती फार बोलकी असते. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली आणि ‘नये पैसे’ यातला ‘नये’ हा शब्द १९६४ मध्ये गळला. पण छापलेला पत्रा संपेपर्यंत वापरला जातो, तेव्हा अशा सीमेच्या पुढे थोडी सूट धरावी. रबरी शिक्क्याने मारलेली किंमत पत्र्याची नव्हे, विक्रीची वेळ दाखवते.

फोटोशी तुलना करताना अक्षरांच्या जाडीवर विसंबू नये. हलक्या कागदावर शाई पसरते आणि बारीक रेघही जाड दिसते. त्याऐवजी प्रमाण पाहावे: शिरोरेषेपासून उकाराच्या टोकापर्यंतची उंची नावाच्या लांबीच्या किती पट आहे, ‘ल’ आणि ‘श’ कोणत्या वळणाचे आहेत. फोटो तिरका काढलेला असेल तर ही प्रमाणेही बिघडतात, म्हणून समोरून घेतलेलाच फोटो घ्यावा. शिवाय जाहिरातीचा ठसा छापखान्यात वर्षानुवर्षे जपून पुन्हा वापरला जाई. त्यामुळे अंकातला लोगो दुकानातल्या डब्यावरच्या लोगोपेक्षा जुनाही असू शकतो.

वरच्या डब्याची सुधारलेली नोंद अशी झाली: १९७२ नंतरचा, शहराचे इंग्रजी नाव १९९५ मध्ये अधिकृतपणे बदलले, त्यामुळे बहुधा त्यापूर्वीचा. यापेक्षा जवळचे वर्ष त्या पत्र्यावरून काढता येत नाही.